मावशीने शनी हलवला

कुजबूज अशी होती की, एका मावशीने भाच्याला पास करण्यासाठी शनी ग्रह जागचा उचलला आणि सूर्यापासून पार लांब नेऊन ठेवला. सांगणारे आवाज खाली आणून सांगत आणि ऐकणारे खुर्ची पुढे ओढून ऐकत. शनी लोकांच्या मागे लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शनीच्याच मागे एखादी बाई लागावी, ही तऱ्हा नवी होती. त्यामुळे बातमी पायांनी न चालता वाऱ्यावर गेली आणि जाताना दर घरी थोडं थोडं बाळसं धरत गेली. काही घरांत तर मावशीने मंत्र्याला फोन केला होता म्हणे.

मावशी म्हणजे दशांशबाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं, बाकी मुलांपासून शिपायापर्यंत सगळे दशांशबाईच म्हणत. समोर नुसतं बाई आणि पाठ वळली की पूर्ण पदवी. मुलांच्या वहीत दशांशचिन्ह चुकलं की बाई त्याभोवती लाल शाईचं असं गरगरीत वर्तुळ काढायच्या, की पानाच्या मागच्या बाजूलाही ते उमटायचं. त्यांचं म्हणणं, पूर्णविराम विसरलात तर वाचणारा समजून घेतो, पण दशांशचिन्ह सरकलं तर पेशंट दगावतो. हे त्या हवेत बोलत नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं, आणि जाणकार सांगतात की लग्नही त्या चिन्हावरूनच जुळलं. आईच्या औषधाची बाटली घेऊन ही तरुण मुलगी दुकानात गेली आणि काउंटरवर आपटून म्हणाली, "चिठ्ठीत अर्धा आहे, तुम्ही पाच लिहिलंय. मारायचंय का म्हातारीला?" दुकानदार घाबरला, आणि घाबरलेल्या अवस्थेतच त्याने पुढे मागणी घातली. अजून तो पूर्ण सावरलेला नाही, असं त्याचे मित्र म्हणत.

घरीही बाईंचा तोच खाक्या. शिंपी त्यांचं माप घ्यायला बसला की आधी घाम पुसून घ्यायचा. अशा बाईशी भांडण करणं सोपं आणि मिटवणं कठीण. आणि भांडण झालं ते नेमकं सख्ख्या धाकट्या बहिणीशी.

बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिचा मुलगा उंचीने दाराला लागायचा, स्वभावाने सोन्यासारखा, पण विज्ञानाचं पुस्तक उघडलं की त्याला झोप यायची. त्याची शालान्त परीक्षा जवळ आली तशी बहीण एका दुपारी खाली आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाली, "ताई, पेपर तपासायला तू असतेसच की. जरा बघ ना."

"बघायला ती काय भाजी आहे?" बाई म्हणाल्या.

एवढंच. पण बहिणींमध्ये एवढंही पुष्कळ होतं. वरच्या मजल्यावरचं दार त्या दिवशी जरा जास्तच जोरात लागलं. त्यानंतर दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तर भिंतीचा रंग न्याहाळत उतरायच्या. बाईंनी मात्र आपल्या बाजूने काही लपवून ठेवलं नाही. जवळचं कुणी परीक्षेला बसलं असेल तर तपासनिसाने ते आधी लेखी कळवायचं, असा नियम होता. बाईंनी पहिल्याच दिवशी कळवून टाकलं. भाच्याच्या केंद्राचे पेपर भलत्याच शहरात गेले आणि बाईंच्या हॉलमध्ये भलत्याच शहराचे आले. बाई निर्धास्त झाल्या. माणूस निर्धास्त झाला की काय होतं ते आता पाहा.

तपासणीचा हॉल म्हणजे एका शाळेचे दोन वर्ग, मधलं लाकडी पार्टिशन काढून एक केलेले. बाकं जोडून लांब टेबलं केलेली, वर पंखे, खाली दोरीने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मोबाइल दाराशी एका खोक्यात जमा करायचे. तपासनीस माना खाली घालून बसलेले, आणि लाल पेनांचा तो एकसारखा सर्र सर्र आवाज. पुढे फळ्याजवळच्या टेबलावर सगळ्या तपासणीवर देखरेख करणारे नियामक साहेब. केसांना कलप, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि निवृत्तीला थोडेच महिने राहिल्यामुळे कशालाही हात लावण्याआधी दोनदा हात पुसणारे. मनाने वाईट नव्हते; पण आपल्या हातून काही घडू नये, चांगलंसुद्धा, अशी त्यांची इच्छा होती.

बाईंच्या शेजारी बसायची ती बातमीबाई. जीवशास्त्र शिकवायची, पण खरा अभ्यास माणसांचा. कुणाची बदली, कुणाचं साखरपुड्याआधीच मोडलं, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, हे तिला त्या त्या घरच्यांच्या आधी कळायचं. तपासतानाही तिचा एक डोळा पेपरात आणि एक कान हॉलमध्ये असायचा.

त्या वर्षी विज्ञानाच्या पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न होता. सूर्यापासून एका ग्रहाचं सरासरी अंतर ९.५ खगोलीय एकक आहे, ते किलोमीटरमध्ये काढा. एक खगोलीय एकक म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं सरासरी अंतर. पेपरात ते १.५ गुणिले दहाचा आठवा घात, इतके किलोमीटर धरायला सांगितलं होतं. ग्रहाचं नाव दिलं नव्हतं, पण सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट लांब कोण बसलाय, हे विज्ञानाच्या मास्तरांना सांगावं लागत नाही. तो शनी. आणि वरून आलेल्या आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर छापलेलं होतं: १.४२५ गुणिले दहाचा आठवा घात किलोमीटर. तपासणी सुरू होण्याआधी ती उत्तरं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. डोलावणाऱ्यांत दशांशबाईंचीही मान होती.

दोनतीन दिवस काम झपाट्याने चाललं. ज्या मुलाच्या घातात आठ दिसले त्याला दोन गुण, ज्याच्या घातात नऊ दिसले त्याला भोपळा. नऊवाले पुष्कळ निघत होते. बाई मनात म्हणायच्या, यंदा पोरांना घातांक कुणी शिकवलाच नाही वाटतं. आणि त्यांचं ते लाल वर्तुळ नवाभोवती फिरत राहायचं.

मग एका दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, एक उत्तरपत्रिका समोर आली. कुणाची होती देव जाणे. अक्षर वेडंवाकडं, शाई पसरलेली. या मुलाला, किंवा मुलीला, घातांकाची भानगड नकोच होती. त्याने सरळ कोटींत हिशेब मांडला होता. एक खगोलीय एकक म्हणजे १५ कोटी किलोमीटर. साडेनऊ गुणिले पंधरा, म्हणजे १४२.५ कोटी किलोमीटर. खाली दोन रेघा, काम फत्ते.

बाईंना नियमाप्रमाणे आदर्श उत्तराशी ताडून पाहणं आलं. दहाचा सातवा घात म्हणजे एक कोटी, तर आठवा म्हणजे दहा कोटी. दहा कोटी गुणिले १.४२५, म्हणजे १४.२५ कोटी. पोराने १४२.५ लिहिलंय. दहापट चुकला. बाईंनी वर्तुळ काढायला पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. कारण वरच्या ओळीत पंधरा होते आणि त्यांच्या मनात चौदा होते. पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. आणि पृथ्वीच्या साडेनऊ पट लांब असलेला शनी चौदा कोटी?

म्हणजे शनी पृथ्वीपेक्षाही सूर्याच्या जवळ. आपल्या मागच्या अंगणात.

बाईंनी कोऱ्या कागदावर पुन्हा मांडलं. साडेनऊ गुणिले दीड, सव्वाचौदा. म्हणजे १४.२५ गुणिले दहाचा आठवा घात. आता चौदाच्या जागी एकच आकडा ठेवायचा म्हणून बिंदू एक घर डावीकडे घ्यायचा. पण बिंदू एक घर डावीकडे आला की घात एकाने वर चढलाच पाहिजे. आठाचा नऊ. उत्तर काढणाऱ्याने बिंदू सरकवला होता आणि घात चढवायचा राहून गेला होता. घातांकाच्या पोशाखात ती चूक कशी साळसूद दिसत होती. कोटींत उतरवली तेव्हा उघडी पडली.

नऊवाली सगळी पोरं बरोबर होती. आणि त्यांना भोपळे कुणी दिले? ज्या बाईने आयुष्यभर दशांशचिन्हाचा धसका घेतला आणि दिला, तिने. बाईंनी पायाशी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यांतल्या किती पोरांचं पास-नापास दोन गुणांवर लोंबकळत असेल, कोण जाणे. संध्याकाळी पाचला गाडी येणार, गठ्ठ्यांवर लाखेचा शिक्का बसणार आणि मग तो उघडायला वरून आदेश लागणार. अशी कामं एकदा शिक्क्याखाली गेली की बाहेर येत नाहीत.

उठून साहेबांकडे जायचं, एवढंच करायचं होतं. बाई अर्ध्या उठल्याही, आणि त्यांना भाचा आठवला. हा प्रश्न काही या एका हॉलचा नव्हता. इथे उत्तर बदललं की सगळीकडे बदलणार, भाच्याचे पेपर ज्या शहरात पडलेत तिथेही. त्याने नऊ लिहिले असतील तर त्याचे दोन गुण वाढणार. आणि लोक काय म्हणणार, ते बाईंना लोकांच्या आधी ऐकू आलं. त्या पुन्हा खाली बसल्या.

"काय गं, पेन अडलं?" बातमीबाईने विचारलं.

बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. बातमीबाईने ओठ हलवत गुणाकार केला, पुन्हा केला, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग खुर्ची जवळ ओढून तिने बाईंचा हात धरला. तिचं सांगणं असं, की आहे हे खरं, पण तू तोंड उघडू नकोस. तुझ्या भाच्याचं इथे कुणाला माहीत नाही असं नाही. कुणाला म्हणजे, तिनेच सगळ्यांना सांगितलेलं होतं.

"मग तू सांग साहेबांना," बाई म्हणाल्या. "तुझं कुणी नाही परीक्षेला."

बातमीबाईने आपल्या पायाशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. तिचे बाईंपेक्षा जास्त होते. ती बोलत बोलत तपासायची, पण तपासायची भराभर. सगळे सोडायचे, पुन्हा तपासायचे, बेरजा बदलायच्या, बदललेल्या प्रत्येक आकड्यापाशी सही करायची. तिची बोटं आधीच सुजली होती. शिवाय साहेब भडकणार. "माझी साडीसुद्धा आज सुती आहे, गं," ती म्हणाली. याचा त्या गोष्टीशी काय संबंध, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणसाला नाही म्हणायचं असलं की असंच काहीतरी बाहेर पडतं.

बाई उठल्या. बाकांच्या दोन रांगांमधून चालत पुढे गेल्या तेव्हा पेनांचा आवाज जागोजागी थांबत गेला.

साहेबांनी कागद हातात घेतला नाही; टेबलावर ठेवायला लावला आणि चष्म्याच्या दोरीशी खेळत दुरूनच पाहिला. मग हळू आवाजात बाईंची समजूत घालू लागले. उत्तरं समितीने काढलेली आहेत. वाचून दाखवली तेव्हा तुम्ही होतात, तुमची सही आहे, माझीही आहे. आता सगळ्या हॉलमधलं काम थांबवायचं, गठ्ठे सोडायचे, तेही दोन गुणांसाठी. निकालानंतर ज्या पोराला वाटेल तो फेरतपासणीचा अर्ज करील की. बाईंनी विचारलं, अर्ज न करणाऱ्यांचं काय? साहेबांनी घड्याळ पाहिलं.

बाईंनी मग अर्ज-विनंत्या सोडून दिल्या. फळ्याच्या कडेला पडलेला खडू उचलला आणि मोठ्या अक्षरांत दोनच ओळी लिहिल्या. पृथ्वी: १५ कोटी किमी. आदर्श उत्तराप्रमाणे शनी: १४.२५ कोटी किमी. आणि हॉलकडे वळून म्हणाल्या, "बघा, आणि सांगा. शनी आपल्या अलीकडे राहायला आलाय का?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मग सगळा हॉल हसला. दोनतीन दिवस माना खाली घालून बसलेल्या माणसांना हसायला निमित्तच हवं होतं. पण हसू ओसरलं तसे एकेकाचे डोळे आपापल्या पायाशी गेले, गठ्ठ्यांवर, आणि हॉल गार पडला. कोपऱ्यातून एक गणितवाले गुरुजी पुटपुटले, बाईंचं बरोबर आहे. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं.

आणि त्या शांततेत कुठल्यातरी बाकावरून आवाज आला, कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही: "भाचा यंदाच बसलाय ना हो, बाई?"

साहेबांचा चेहरा पालटला. त्यांना बाहेर पडायला वाट सापडली होती, पण गंमत अशी की ती वाट त्यांना आवडली नाही. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मी वर फोन करू शकतो. पण ते विचारणार, हरकत कुणाची. नाव सांगावं लागेल. मग विचारणार, नातेवाईक परीक्षेला आहे का. तेही सांगावं लागेल. तुम्ही आधी कळवलंत ते पेपर वाटण्यापुरतं; आता तुम्ही उत्तरच बदलायला लावताय. त्यानंतर तुम्ही या खुर्चीवर बसू शकणार नाही, आणि पुढेही कुणी बोलावणार नाही. अजून वेळ आहे. कागद फाडतो, तुम्ही जागेवर जा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वेळेआधीच आला होता.

इतकी वर्षं बाईंनी जमवलं होतं ते काय, तर नाव. दागिने नव्हते, बंगला नव्हता. पण दशांशबाईंच्या पेपरात वशिला चालत नाही, हे शाळेच्या भिंतीसुद्धा सांगत. ते नाव आता फोनच्या एका वाक्यात जाणार होतं. आणि गेलं नाही, तर त्या अनोळखी पोराच्या १४२.५ कोटींवर त्यांचंच लाल वर्तुळ कायमचं बसणार होतं.

"फोन करा," बाई म्हणाल्या. "नाव माझं सांगा. भाच्याचंही सांगा."

साहेबांनी फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग उचलला, तेव्हा दुसऱ्याच माणसाकडे दिला, त्याने तिसऱ्याकडे. दर नव्या माणसाला साहेब पहिल्यापासून सांगत होते, आणि दर वेळी बाई कानाशी पुटपुटत होत्या: एकक पृथ्वीच्या अंतराएवढं, ग्रह साडेनऊ पट, उत्तर एका पटीपेक्षाही कमी. शेवटी पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांनी माऊथपीसवर हात ठेवला, पण त्यांचा कमी आवाजही वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा कमी आवाज होता. सगळ्या हॉलने ऐकला.

"नातं कसं लिहू?"

"सख्खा भाचा," बाई म्हणाल्या. "धाकट्या बहिणीचा."

बातमीबाईने डोळे मिटून घेतले. जी बातमी तिने कानाकानांत पोचवली ती जिची तिनेच अशी मोठ्याने जाहीर करावी, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

पलीकडून सांगितलं गेलं, कळवतो. आणि तोवर बाईंना हॉलबाहेर बसवा. बाईंनी आपलं लाल पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं, पर्स घेतली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. खिडकीतून त्यांना हॉल दिसत होता, ऐकू काही येत नव्हतं. तपासनीस हातावर हात ठेवून बसले होते. कुणी तपासत नव्हतं, कुणी गठ्ठेही बांधत नव्हतं. ड्रायव्हर आत डोकावून गेला, पुन्हा हॉर्न वाजवून आला, मग बाईंच्याच बाकावर टेकून विचारू लागला की आत काय मयत झालंय का. बाई म्हणाल्या, बहुतेक.

त्यांना वाटलं होतं की बाहेर बसल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. वरून नकार आला तर? मग पोरांचे गुणही गेले आणि आपलं नावही. एका बाजूचं तरी वाचवायला हवं होतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. खडूची पूड बोटांना चिकटली होती, ती त्या पदराला पुसत राहिल्या.

मग फोन वाजला. खिडकीतून दिसलं, साहेब उभे राहिले. उभ्यानेच ऐकलं, उभ्यानेच कागदावर काहीतरी टिपलं. रिसीव्हर खाली ठेवला, चष्मा चढवला, फळ्याकडे वळले. बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी त्यांनी डस्टरने पुसल्या. साहेबांनी खडू घेतला आणि सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: १.४२५ गुणिले दहाचा नववा घात. खाली कंस करून लिहिलं, १४२.५ कोटी ग्राह्य.

आणि हॉलभर दोऱ्या सुटल्याचा आवाज झाला. तो मात्र बाहेर ऐकू आला. त्या आवाजाबरोबर शिव्याशापही असणार, पण ते काचेआड राहिले. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन निघून गेला. बाईंना कुणी बोलवायला आलं नाही आणि कुणी निरोपही दिला नाही. त्या थोडा वेळ बसल्या, मग उठून घरी गेल्या.

पुढच्या वर्षी तपासणीचं पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पण त्याच्या आधी निकाल लागला, आणि निकालाने तर कहरच केला. भाचा विज्ञानात पास झाला, आणि कसा? काठावर. पास व्हायला लागतात नेमके तेवढे गुण. एक कमी नाही, एक जास्त नाही. आता लोकांना आणखी काय हवं? काठ आणि दोन गुण, बेरीज लोकांनी केली. बातमीबाईने सुरुवातीला दोनतीन ठिकाणी खरं काय झालं ते सांगून पाहिलं. पण खऱ्याला चव नव्हती, ऐकणारे जांभया देऊ लागले, तेव्हा तिनेही जरा मीठ घातलं. औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकं बाईंच्या नवऱ्याला डोळा मारून विचारू लागली, साहेब, शनीवर काही गोळी आहे का? तो बिचारा म्हणायचा, आहे, पण चिठ्ठी बायकोची लागते.

निकालाच्या संध्याकाळी दार वाजलं. बहीण. हातात गोडाचा डबा, डोळ्यांत पाणी. इतक्या महिन्यांनी ती उंबरा ओलांडून आत आली आणि बाईंच्या गळ्यात पडली.

"ताई, तू बोलली नाहीस, पण केलंस. मला कळलं सगळं."

"अगं, मी त्याच्यासाठी नाही केलं."

"नाहीच केलंस," बहीण म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली. "मी कुठे म्हणतेय?"

भांडणापेक्षा हे वाईट होतं. बाईंना एकदा वाटलं, फळा आणून हिच्यापुढे मांडावा. पण बहीण स्वयंपाकघरात शिरून सवयीने कप शोधत होती, आणि कप कुठे आहेत ते तिला अजून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा पाया पडायला आला. नवरा दुकानात होता, बहीण वर. बाईंनी त्याला टेबलाशी बसवलं. त्यांना एक गोष्ट कळून घ्यायची होती आणि ती विचारायची त्यांना धास्ती वाटत होती. शेवटी विचारलं, तो साडेनऊ एककांचा प्रश्न, त्याचं उत्तर तू काय लिहिलंस?

भाच्याने मान खाजवली. "मावशी, तो मी सोडला होता."

"सोडला? म्हणजे काहीच नाही?"

"गुणायचं की भागायचं, तेच कळेना. म्हटलं शेवटी बघू. मग घंटा झाली."

बाईंना हसू फुटलं, असं फुटलं की भाचा घाबरून पाणी आणायला उठला. त्यांनी त्याला हात धरून खाली बसवलं आणि डोळे टिपत म्हणाल्या, "आता सांग. गुणायचं की भागायचं?"

भाचा विचारात पडला. टेबलावर बोटाने रेघा ओढू लागला. एकक केवढं, तर इथून सूर्यापर्यंत. किलोमीटर केवढा, तर शाळेपर्यंत. मोठं माप सोडून छोट्या मापाने मोजायचं, म्हणजे आकडा मोठा व्हायला हवा. "गुणायचं," तो म्हणाला.

"शाबास. एवढं तिथे सुचलं असतं तर दोन गुण मिळाले असते."

"पण आई तर म्हणते, ते मिळाले म्हणूनच पास झालो."

बाईंनी गोडाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. वरच्या मजल्यावरून बहीण हाक मारत होती, ताई, चहा टाकलाय, दोघंही वर या. बाई उठल्या. आईला हे सांगू नकोस, एवढं त्यांनी भाच्याला सांगितलं आणि जिना चढू लागल्या. बहिणीला सांगायचं म्हणजे तिच्या मुलाला सोपा गुणाकार समजला नव्हता, हे सांगायचं. जगाला सांगायचं तर ते बहिणीच्याही कानावर जायचं. तेव्हा कुजबूज चालली तशी बाईंनी चालू दिली, आणि तिच्यासह उरलेली नोकरी केली. लाल वर्तुळ काढायचं सोडलं नाही. फक्त काढण्याआधी आकडा एकदा कोटींत उतरवून बघू लागल्या.

त्या प्रश्नाचं उत्तर भाच्याने लिहिलंच नव्हतं. त्याला त्यात शून्य गुण मिळाले.